मल्टिमीटर म्हणतो 290, मला मिळतो 21. बाकीचा बीटा जातो कुठे?

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
एफवायबीएस्सीला आहे. पुढच्या आठवड्यात कॉमन एमिटरचं प्रॅक्टिकल आहे, म्हणून घरीच करून बघायला घेतलं. दुकानातून बीसी547 आणले. मल्टिमीटरच्या गोल सॉकेटमध्ये घातला की आकडा येतो 290. मग ब्रेडबोर्डवर जोडला. 9 व्होल्टच्या अडॅप्टरवरून 1 किलोओहमचा रेझिस्टर कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला आणि मोबाइलच्या जुन्या चार्जरच्या 5 व्होल्टवरून 10 किलोओहमचा रेझिस्टर बेसला. दोन्ही ग्राउंड एकत्र जोडलेत, ते आधीच सांगतो.

करंट थेट न मोजता रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजलं. 10 किलोओहमवर 4.28 व्होल्ट, म्हणजे बेस करंट 0.428 मिलिअँप. 1 किलोओहमवर 8.92 व्होल्ट, म्हणजे कलेक्टर करंट 8.92 मिलिअँप. भागाकार केला तर 21!

290 कुठे आणि 21 कुठे. ट्रान्झिस्टर बदलला, तरी 21. तिसरा लावला, तरी 21. सगळेच खराब कसे असतील? का सॉकेट खोटं बोलतंय?

दिवेलागण
तीन वेगवेगळ्या ट्रान्झिस्टरांनी एकच उत्तर दिलं म्हणजे कॉपी केली असणार. सुपरव्हायजर कोण होता? (ह. घ्या.)

सरळ_सूत्र
मी बारावीच्या शिकवण्या घेतो. कलेक्टर करंट म्हणजे बीटा गुणिले बेस करंट. यात दुसरं काही होऊच शकत नाही. 21 येतोय म्हणजे पाय उलटे जोडलेत. कलेक्टरच्या जागी एमिटर लावला तरी ट्रान्झिस्टर चालतो, पण अगदी मरतुकडा चालतो आणि बीटा असाच लहान येतो. पाय तपास.

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
@सरळ_सूत्र सर, सपाट बाजू माझ्याकडे, पाय खाली, डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. असंच लावलंय. परत एकदा बघितलं.

आजोबांचा_रेडिओ
आमच्याकडेही ट्रान्झिस्टर आहे, वडिलांचा, चामड्याच्या कव्हरवाला. त्याचाही स्विच असाच त्रास देतो. फिरवला की खर्र खर्र आवाज येतो, मध्येच बंद पडतो. स्विच बदलून मिळेल का कुठे?

दिवेलागण
काका, धागा वेगळ्या ट्रान्झिस्टरचा आहे. तुमच्या ट्रान्झिस्टरच्या पोटात यांचे सात-आठ ट्रान्झिस्टर असतील.

जुनी_सोल्डरगन
मुंगळ्या, तुझा एकही ट्रान्झिस्टर खराब नाही, पाय बरोबर आहेत आणि सॉकेटही खोटं बोलत नाही. तू एक रीडिंग घेतलं नाहीस, त्यातच सगळं आहे. कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये किती व्होल्ट आहेत ते मोज.

तोवर एक हिशोब कागदावर कर. तुझा बेस करंट 0.428 मिलिअँप. त्याला 290 ने गुणलं तर 124 मिलिअँप येतात. आता ते 124 मिलिअँप तुझ्या 1 किलोओहममधून जायचे तर त्या रेझिस्टरवर 124 व्होल्ट पडायला हवेत. अडॅप्टर कितीचा आहे? 9 चा. म्हणजे ट्रान्झिस्टरने कितीही जोर केला तरी त्या वाटेने 9 मिलिअँपपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलाय, पुढचं काम रेझिस्टरच्या हातात गेलंय. म्हणून तीन ट्रान्झिस्टर लावलेस तरी आकडा तोच. तू ट्रान्झिस्टरचा बीटा मोजलाच नाहीस, तू तुझ्या दोन रेझिस्टरांचा भागाकार मोजलास.

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
कलेक्टर-एमिटरमध्ये 0.08 व्होल्ट!! मला वाटलं प्रोब नीट टेकला नाही.

जुनी_सोल्डरगन
नीट टेकलाय. हाच तो स्विच. 9 पैकी 8.92 व्होल्ट रेझिस्टरवर आणि उरलेले 0.08 ट्रान्झिस्टरवर. खटक्याचा दिवा लावतोस तेव्हा खटक्यावर असंच जवळजवळ शून्य व्होल्टेज असतं. याला सॅच्युरेशन म्हणतात. बेसची वायर काढलीस तर उलटं होईल, 1 किलोओहमवर शून्य आणि ट्रान्झिस्टरवर पूर्ण 9. तो खटका बंद.

या दोन टोकांच्या मध्ये बीटा सापडतो. 10 किलोओहम काढ आणि 220 किलोओहम लाव. बाकी काही हलवू नकोस. रीडिंग टाक.

एक सावधगिरी. स्वस्तातल्या बऱ्याच मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स 1 मेगओहम असतो. 220 किलोओहमच्या दोन टोकांना प्रोब लावलेस तर मीटर त्याला समांतर बसेल आणि मोजताना तूच बेस करंट वाढवशील. त्यामुळे बेसपासून ग्राउंडपर्यंतचं व्होल्टेज मोज आणि ते 5 मधून वजा कर.

पाटकरी
सोल्डरगन दादांचं बरोबर आहे. आमच्या विहिरीवर असंच आहे. व्हॉल्व्ह थोडा फिरवला की पाणी थोडं, अजून फिरवला की अजून. पण पाइप दोन इंची आहे. एका हद्दीनंतर व्हॉल्व्ह कितीही फिरवा, पाणी तेवढंच. मग "चाकाच्या एका फेऱ्याला किती पाणी" हा हिशोब लावून काय उपयोग?

मिलिव्होल्ट
उपमा चांगली आहे, पण व्हॉल्व्ह फिरवणारा हात बेस करंट नाही, बेस-एमिटर व्होल्टेज आहे. ते साधारण 60 मिलिव्होल्टने वाढलं की कलेक्टर करंट दहापट होतो. बेस करंट ही त्या व्यवहारातली गळती. "करंटने करंट नियंत्रित होतो" हे शाळेत सोपं जातं म्हणून सांगतात.

जुनी_सोल्डरगन
@मिलिव्होल्ट तुम्ही म्हणता ते मान्य आहे. पण पोराला आत्ता 220 किलोओहम लावू द्या. त्याच्याकडे 60 मिलिव्होल्टने फिरवायचं काही नाही, रेझिस्टरांची डबी आहे.

मिलिव्होल्ट
चुकीचं शिकून मग विसरायला लावणं जास्त अवघड असतं, एवढंच माझं म्हणणं.

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
लावला. बेसवर 0.66 व्होल्ट, म्हणजे 220 किलोओहमवर 4.34, बेस करंट 19.7 मायक्रोअँप. 1 किलोओहमवर 5.6 व्होल्ट, म्हणजे 5.6 मिलिअँप. भागाकार 284!!! कलेक्टर-एमिटरमध्ये 3.4 व्होल्ट.

मग डबीतला दुसरा ट्रान्झिस्टर लावला, ज्याचा सॉकेटमध्ये 345 येतो. आता 1 किलोओहमवर 6.7 व्होल्ट आले. म्हणजे इथे ट्रान्झिस्टर बदलला की आकडा बदलतो!

जुनी_सोल्डरगन
आता कळलं ना? सॉकेटसुद्धा हेच करतं. आत साधारण 10 मायक्रोअँप बेसला देतं आणि ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवून मोजतं.

हद्द कुठे आहे तेही काढून ठेव. जास्तीत जास्त 9 मिलिअँप भागिले 290, म्हणजे 31 मायक्रोअँप. एवढा बेस करंट द्यायला तुझ्या 5 व्होल्टवरून सुमारे 140 किलोओहम लागतो. त्याच्यापेक्षा मोठा रेझिस्टर असेल तर अ‍ॅम्प्लिफायरचा मुलूख, लहान असेल तर स्विचचा. तू 10 किलोओहम लावून हद्दीच्या पार पुढे जाऊन बीटा शोधत होतास.

सरळ_सूत्र
मान्य, पाय बरोबर होते. पण मग सॅच्युरेशनमध्ये बीटा कमी होतो असंच म्हणायचं ना? 290 चा 21 झाला.

जुनी_सोल्डरगन
काही पुस्तकं तसं म्हणतात, "फोर्स्ड बीटा" असा शब्दही आहे. मला तो पटत नाही. पाटकरींच्या व्हॉल्व्हचे आटे कमी झाले का? नाही, पाइप संपला. सूत्र त्या जागी लागू नाही, एवढंच.

मिलिव्होल्ट
इथे मी सरळ_सूत्र यांच्या बाजूने. सॅच्युरेशनमध्ये कलेक्टर-बेस जंक्शनही सुलट दिशेने उघडतं आणि बेसमधून जास्तीचा करंट खरोखर वाहतो. ट्रान्झिस्टरच्या आतही बदल होतो, फक्त बाहेरच्या रेझिस्टरचा खेळ नाही.

दिवेलागण
आज सूर्य पश्चिमेला उगवला, मिलिव्होल्ट कुणाच्या तरी बाजूने बोलले.

बारावी_ब
मी बारावीला आहे. आमच्या क्लासच्या प्रश्नसंचात एक गणित आहे. सप्लाय 10 व्होल्ट, कलेक्टरला 2 किलोओहम, बेस करंट 0.05 मिलिअँप, बीटा 150, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज काढा. उत्तर छापलंय उणे 5 व्होल्ट. मी तसंच पाठ केलंय. आता हा धागा वाचून शंका आली. उणे येऊ शकतं का?

सरळ_सूत्र
150 गुणिले 0.05 म्हणजे 7.5 मिलिअँप. गुणिले 2 म्हणजे 15 व्होल्ट. 10 वजा 15... हं. हे छापणाऱ्याने माझ्यासारखंच केलंय.

जुनी_सोल्डरगन
😀 प्रामाणिकपणाबद्दल चहा लागू.

@बारावी_ब, एकाच बॅटरीवर चालणाऱ्या या सर्किटमध्ये ते उणे होऊ शकत नाही. उणे उत्तर आलं की समजायचं, आपण सॅच्युरेशनमध्ये आहोत आणि बीटाचं सूत्र चुकीच्या जागी वापरलं. 2 किलोओहममधून जास्तीत जास्त 5 मिलिअँप जातील, खरं उत्तर जवळपास शून्य, 0.1 व्होल्टच्या आसपास. पेपरात पद्धत अशी ठेव. आधी सप्लाय भागिले कलेक्टर रेझिस्टर करून कमाल करंट काढायचा. मग बीटा गुणिले बेस करंट. दोन्हींपैकी जो लहान तो खरा.

बारावी_ब
"जो लहान तो खरा" वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. सरांना दाखवलं तर चिडतील का?

दिवेलागण
आधी गणित दाखव. उत्तर त्यांनाच काढू दे.

पाटकरी
माझी उलटी तक्रार आहे. गावी पाण्याच्या टाकीसाठी 5 व्होल्टचा रिले लावला. 3.3 व्होल्टची पिन असलेला छोटा बोर्ड आणि बीसी547. बेसला 10 किलोओहम, कारण सगळ्या चित्रांत 10 किलोओहमच असतो. रिले कधी टिक करतो, कधी नुसता गुणगुणतो. ट्रान्झिस्टर कोमट. बोर्ड बदलला, रिले बदलला, शेवटी नाद सोडला. मुंगळ्याचा ट्रान्झिस्टर जास्त उघडलेला, माझा कमी उघडतोय का?

जुनी_सोल्डरगन
नेमकं तेच. तुमच्या रिलेच्या कॉइलचा रेझिस्टन्स मोजलात का? साखरेच्या घनासारख्या त्या निळ्या 5 व्होल्ट रिलेचा साधारण 70 ओहम असतो. म्हणजे त्याला 70 मिलिअँप लागतात. तुमची पिन 3.3 देते, बेसचे 0.7 वजा केले की 2.6 व्होल्ट, भागिले 10 किलोओहम म्हणजे 0.26 मिलिअँप. बीटा 200 धरला तरी 52 मिलिअँप. कॉइलवर पडले 3.6 व्होल्ट, उरलेले 1.4 ट्रान्झिस्टरवर. रिले ओढायच्या काठावर लटकतो आणि ट्रान्झिस्टर ना धड स्विच ना धड अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्यावर 1.4 व्होल्ट आणि 52 मिलिअँप एकदम असतात, म्हणून तो कोमट. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असता तर गार राहिला असता.

स्विच करायचा तर सॉकेटमधला बीटा विसरायचा. करंट वाढला की बीटा तसाही घसरतो आणि 70 मिलिअँप हे बीसी547 च्या 100 च्या कमाल मर्यादेजवळ आहेत. बेसला कलेक्टर करंटचा दहावा ते विसावा भाग सरळ द्यायचा. बीसी547 च्या माहितीपत्रकात सॅच्युरेशनचे आकडेसुद्धा कलेक्टरला 100 आणि बेसला 5 मिलिअँप असेच दिलेले असतात. तुम्ही 470 ओहम लावा, 5.5 मिलिअँप मिळतील. फक्त बोर्डाची पिन तेवढे देऊ शकते का ते बघून घ्या. खरं तर इथे बीसी337 वापरा, पाय त्याच क्रमाने आहेत आणि करंट जास्त झेपतो.

आणि कॉइलला उलटा डायोड लावलाय ना?

पाटकरी
डायोड? चित्रात होता. मला वाटलं शोभेला. म्हणूनच दोन ट्रान्झिस्टर गेले काय...

जुनी_सोल्डरगन
रिले सोडताना कॉइल आपला करंट एकदम थांबू देत नाही, मोठं व्होल्टेज उसळतं आणि ते ट्रान्झिस्टरच्या माथी बसतं. 1एन4007 कॉइलला समांतर, पट्टा प्लसकडे. तो लावल्याशिवाय तिसरा ट्रान्झिस्टर घालू नका.

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
आता माझा खरा प्रश्न. 220 किलोओहमवर 3.4 व्होल्ट मिळालेत, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर झाला ना? मोबाइलचं गाणं एका कपॅसिटरमधून बेसला दिलं आणि कलेक्टरवरून दुसऱ्या कपॅसिटरने ऐकलं. आवाज मोठा येतो पण फाटतो. शिवाय ट्रान्झिस्टर चिमटीत धरला की 1 किलोओहमवरचे 5.6 चे हळूहळू 5.75 होतात. हात काढला की परत खाली.

मिलिव्होल्ट
तुझी चिमूट म्हणजे थर्मामीटर झाली. तापमान वाढलं की बीटा वाढतो.

फाटण्याचं कारण मी वर म्हणालो तेच, म्हणून हट्टाने लिहीत होतो. बेसवर 60 मिलिव्होल्टला दहापट, म्हणजे नातं सरळ रेषेत नाही. तुझ्या जोडणीत व्होल्टेज गेन सव्वादोनशेच्या घरात आहे. बेसवर 10 मिलिव्होल्ट हलले तर कलेक्टरवर दोन-सव्वादोन व्होल्ट हलतील. मोबाइल शेकडो मिलिव्होल्ट देतो. कलेक्टर खाली शून्याला आपटतो, वर 9 ला आपटतो. तू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गाणं घालतोस आणि तो दर सेकंदाला शेकडो वेळा स्विच होतोय.

जुनी_सोल्डरगन
हे छान सांगितलंत. तुमच्याही चहाचं बघतो.

मुंगळ्या, या जोडणीतली दुसरी खोट तूच दाखवलीस. 345 वाला लावलास तेव्हा 5.6 चे 6.7 झाले. बीसी547 च्या "सी" गटातला 500 वाला लावलास तर 19.7 मायक्रोअँपला 9.8 मिलिअँप मागेल, म्हणजे थेट सॅच्युरेशन, गाणं बंद. दुकानदार ए, बी, सी काय हातात देईल सांगता येत नाही. बीटावर विसंबून अ‍ॅम्प्लिफायर बांधत नाहीत.

असं जोड. 9 व्होल्टवरून 47 किलोओहम बेसला, बेसपासून 10 किलोओहम ग्राउंडला. एमिटरला 470 ओहम, कलेक्टरला 2.2 किलोओहम. बेस दीड व्होल्टच्या आसपास बांधला जातो, एमिटर त्याच्या 0.65 खाली. करंट वाढायला लागला की 470 वरचं व्होल्टेज वाढतं, बेस-एमिटरमधला फरक कमी होतो आणि करंट स्वतःच मागे ओढला जातो. 100 बीटाचा लाव, 1.7 मिलिअँपच्या आसपास येतील. 500 चा लाव, 1.9. गेन पडेल, 2.2 किलोओहम भागिले 470, म्हणजे पावणेपाचच्या जवळ. पण गाणं ओळखू येईल. मोबाइलचा आवाज तरी कमीच ठेव.

सरळ_सूत्र
एक विचारतो, आता लाज सोडली आहे. गेनमध्ये बीटा कुठेच नाही, मग आम्ही पोरांकडून बीटाचं एवढं पाठांतर का करून घेतो?

मिलिव्होल्ट
बेस किती करंट खाईल हे ठरवायला. 47 आणि 10 किलोओहमच्या जोडीतून सुमारे 160 मायक्रोअँप वाहतात. बीटा 290 असेल तर बेस त्यातले सहा-साडेसहा उचलतो, जोडीला कळतही नाही. 20 बीटाचा ट्रान्झिस्टर असता तर त्याने बरंच काही उचललं असतं आणि बेस दीड व्होल्टवर टिकला नसता.

जुनी_सोल्डरगन
आणि स्विचमध्ये, बेसला दिलेला विसावा भाग पुरेल की नाही हे ठरवायला. मी दहावा धरतो, कारण मी थंडीच्या सकाळी न ओढणारे रिले बघितलेत.

मिलिव्होल्ट
दहावा म्हणजे उधळपट्टी. सॅच्युरेशनमध्ये खोल गेलेला ट्रान्झिस्टर बंद व्हायलाही वेळ घेतो.

जुनी_सोल्डरगन
पाण्याच्या टाकीला मायक्रोसेकंदाची घाई नसते हो.

पाटकरी
नसते. टिक होतंय. 470 ओहम आणि डायोड. ट्रान्झिस्टर गार. आभार.

ब्रेडबोर्डवरचा_मुंगळा
नवीन जोडणी केली. 2.2 किलोओहमवर 4.1 व्होल्ट. 345 वाला लावला, 4.1 च. चिमटीत धरला, 4.1 च. गाणं ओळखू येतंय!

आता जर्नलमध्ये काय लिहू? "ट्रान्झिस्टरचा बीटा" म्हणून एकच रकाना आहे.

जुनी_सोल्डरगन
284 लिही आणि शेजारी कंसात बेस करंट, कलेक्टर करंट, कलेक्टर-एमिटर व्होल्टेज तिन्ही लिही. तोंडी परीक्षेत विचारतील, तेव्हा 21 ची गोष्ट सांग.

आजोबांचा_रेडिओ
सगळं वाचलं, अर्धं कळलं. आमच्या ट्रान्झिस्टरचा झाकण उघडून बघितलं तर आत खरंच सात छोटे ट्रान्झिस्टर आहेत. यातला कुठला खरखरतोय हे कसं ओळखायचं?

जुनी_सोल्डरगन
कुठलाच नाही काका. फिरवताना खरखरतं ते आवाजाचं बटण, त्यातली कार्बनची पट्टी मळली असेल. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारा आणि वीसेक वेळा पुढेमागे फिरवा. सेल काढून ठेवून.

आजोबांचा_रेडिओ
सेल काढायला गेलो तर ते फुटून पाणी सुटलंय. आधी ते पुसतो, मग येतो.